उतारा प्रकल्प : ताकाचं कोडं सुटलं, पण मठ्ठा बाद

मंडळी, मिरचीने तोंडात पेटलेली आग कुठल्या द्रवाने उतरते, हे मी घरी मोजून पाहतोय. मागच्या नोंदीत ताकावर गाडी अडली होती. दूध रोज सारखं वागतं आणि ताक एक दिवस तारतं, दुसऱ्या दिवशी पाण्यापेक्षाही वाईट ठरतं, हा प्रकार काही केल्या उलगडत नव्हता. या आठवड्यात तो उलगडला.

नवीन आलेल्यांसाठी पद्धत थोडक्यात. टोमॅटोच्या गाळलेल्या रसात लवंगी मिरचीची पूड घालून एकच मोठा घाणा केला आणि तो बर्फाच्या साच्यात गोठवला, म्हणजे रोजचा डोस एकाच घाण्यातला. खडा पूर्ण वितळवून, नीट ढवळून (पूड तळाशी बसते, विसरू नका) एक सपाट चमचा जिभेवर फिरवायचा आणि थुंकायचा. अर्ध्या मिनिटाने उतारा तोंडात घोळवून थुंकायचा. मग तीन मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला आगीला शून्य ते दहा गुण. दिवसाला एकच द्रव. हा नियम जाचक आहे, पण मोडू नका. लागोपाठ डोस घेतले तर आग आधी चढत जाते, आणि मधे पंधरा-वीस मिनिटं गेली तर जीभ बधिर झाल्यामुळे पुढचा कुठलाही द्रव हिरो वाटतो. शिवाय आग आपणहून उतरतेच, म्हणून 'काहीच न घेण्याचा' दिवसही ठेवलाय. त्याच्याशी तुलना न करता 'मला तर केळ्याने बरं वाटतं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

पाण्याचा निकाल अपेक्षेप्रमाणेच. मिरचीतली आग ज्याची, त्या कॅप्सेसिनचा रेणू तेलकट स्वभावाचा, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तेलकट कढईवर नुसतं पाणी ओतावं तसं होतं, जागचं काही सुटत नाही, इकडून तिकडे पसरतं मात्र. तरी गार पाण्याने घोटभर बरं वाटतं, कारण तोंडातल्या मज्जातंतूंवरच्या ज्या रिसेप्टरला (टीआरपीव्ही१) कॅप्सेसिन चिकटतं तो मुळात उष्णतेचा. एरवी साधारण ४३ अंशांच्या वर उघडणारा, कॅप्सेसिन चिकटलं की तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाच उघडतो. जीभ गार केली की तो जरा शांत होतो, तोंड पुन्हा कोमट झालं की आग परत. माझ्या नोंदींत हा उतार-चढाव स्पष्ट दिसतो. गरम चहा याच कारणाने शिक्षा आहे. म्हणूनच सगळे उतारे एकाच तापमानाला, फ्रिजमधून काढून, घेतले.

छोटा विजय आधी सांगतो. सायीसकट दूध आणि मलई काढलेलं दूध, दोन्हींचे आलेख एकमेकांवर बसले! पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात २०१९ साली झालेल्या प्रयोगातही हेच दिसलं होतं. म्हणजे 'फॅट पाहिजे, फॅट' हे आपलं पाठांतर अपुरं आहे. जास्त काम प्रथिनाचं दिसतं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसिन, आणि त्याच्या गोळ्या कॅप्सेसिनला धरून ठेवतात. धरलेलं कॅप्सेसिन रिसेप्टरपर्यंत पोचत नाही. ते मोडत नाही, मरत नाही, फक्त अडकतं आणि थुंकीबरोबर किंवा घोटाबरोबर जातं. म्हणून गटागटा पिण्यापेक्षा दहा-पंधरा सेकंद घोळवणं महत्त्वाचं.

आता ताक. ते दुधाचंच पोर, मग त्याचा नेम का नाही? पहिला संशय आंबटपणावर होता. आम्लाने हा रिसेप्टर थोडा चिडतो, हे खरं. (लिंबाने कॅप्सेसिन 'न्यूट्रल' होतं असं सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. ते अल्कली नाही, तेव्हा आम्लाने न्यूट्रल व्हायचं काही कारणच नाही.) पण आंबट दही पाणी न घालता नुसतं घुसळून घेतलं, तर ते दुधाच्या अगदी जवळ आलं. आंबटपणा मुख्य आरोपी नव्हे.

मग पाणी मोजलं. आमच्याकडे एका वाटी दह्याला तीन वाट्या पाणी जातं. दह्यात प्रथिन तीन-साडेतीन टक्के, म्हणजे ताकात एक टक्क्याहूनही कमी. असं पातळ ताक पाण्यापेक्षा बरं, पण दुधाच्या मागे बरंच. अर्धं कोडं सुटलं. पण पाण्यापेक्षा *वाईट* दिवस कुठून आले?

आईला विचारलं, त्या दिवशी ताक कसं केलं होतंस? ती म्हणाली, "अरे, तो मठ्ठा होता. आलं-मिरची नसेल तर त्याला मठ्ठा कोण म्हणेल?" आणि बाहेरून आणलेल्या मसाला ताकाच्या पिशवीवर बारीक अक्षरात घटक पाहिले, तर तिथेही आलं आणि हिरवी मिरची. आल्यातलं जिंजेरॉल त्याच रिसेप्टरला डिवचतं, मिऱ्यातलं पायपरीनही, आणि हिरव्या मिरचीचं काय सांगावं! विझवायला पाणी आणि भडकवायला रॉकेल एकाच पेल्यात. खात्री करायला एकाच दह्याचं एकाच पातळपणाचं ताक केलं. एक दिवस फक्त मीठ-जिऱ्याचं, एक दिवस आलं-मिरची वाटून घातलेलं. दुसऱ्याचा आलेख पहिल्या मिनिटात पाण्याच्या वर गेला आणि तिथेच रेंगाळला. मठ्ठा जिलबीबरोबरच चांगला. उतारा म्हणून यादीतून बाद.

यातूनच सुचलेली दुरुस्ती लगेच करून पाहिली. पेलाभर (दीडशे मिली) साध्या ताकात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, स्किम्ड दूध पावडर. पावडरीत प्रथिन एक तृतीयांशाहून थोडं जास्त असतं, त्यामुळे ताक पुन्हा दुधाच्या पातळीला येतं. आधी चमचाभर ताकात कालवून मग बाकीचं घाला, नाहीतर गुठळ्या. निकाल दुधाच्या तोडीचा! आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार सुटी पावडर विकतो, ती घेऊ नका, दमट असते आणि विरघळायचं नाव घेत नाही. बंद पाकीटच बरं.

साखरेबद्दल दोन ओळी. गार साखरपाणी (शंभर मिलीला दहा ग्रॅम) दुधाच्या पाठोपाठ आलं. गोडीने तिखटाची जाणीव दबते, कॅप्सेसिन मात्र जागेवरच राहतं, म्हणून तोंडातली गोडी गेली की थोडी आग परतते. बिअरवाल्यांची निराशा करतो. पाच टक्के अल्कोहोलमध्ये कॅप्सेसिन विरघळण्याची बात सोडा, बाकी सगळं जवळपास पाणीच, आणि अल्कोहोल तोच रिसेप्टर आणखी हळवा करतं. वर बुडबुड्यांची चुरचुर वेगळीच.

पुढचा नंबर सोलकढीचा होता, त्यात केसिन नाही, फक्त नारळाचं फॅट, म्हणून तुलना छान झाली असती. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की लसूण-मिरचीचा तोच घोळ तिथेही, आणि कोकमाचा आंबटपणा वर. तेव्हा सोलकढी पुढे ढकलतो. आधी हे सोडवायचं की काम केसिनचंच की कुठल्याही प्रथिनाचं. जिमवाल्यांची व्हे पावडर यासाठी फिट आहे, त्यात केसिन जवळपास नाही. ऐंशी टक्के प्रथिनाची सहा ग्रॅम पावडर दीडशे मिली पाण्यात घातली की सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येते, स्किम्ड दुधाइतकीच. दुधात स्वतःची साखरही असते, म्हणून पाण्यात सात ग्रॅम लॅक्टोज घालायला हवं, नाहीतर तुलना लंगडी. अडचण एवढीच की दुकानात चॉकलेट आणि व्हॅनिलाचेच डबे, तेही किलोभराचे. बिनचवीची पावडर सुटी कुणाकडे असेल तर कळवा, लॅक्टोजचं माझं मी बघतो.