लायसन्स मोबाइलमध्ये, म्हणून मोबाइल जमा?

पावसाळ्याच्या शेवटाची सकाळ होती. हायवेवर नाकाबंदी होती, आमचे फौजदारसाहेब, मी आणि एक होमगार्ड. एक पिकअप आला, मागे टोमॅटोचे क्रेट. चालक एका हाताने गाडी चालवत होता, दुसरा हात कानाला. थांबवला. इथपर्यंत वादच नव्हता. गाडी चालवताना हातात फोन धरून बोलणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. तोही लगेच म्हणाला, "चुकलं मॅडम, मार्केटमधून फोन होता."

साहेबांनी लायसन्स मागितलं. त्याने तोच फोन पुढे केला, डिजिलॉकर उघडून. साहेबांनी स्क्रीन पाहिली आणि फोन सरळ खिशात टाकला. "१८४ आहे. लायसन्स जमा होतं. तुझं लायसन्स मोबाइलमध्ये, म्हणून मोबाइल जमा. कार्ड आण आणि घेऊन जा."

मी गप्प राहिले. आमच्या खात्यात सगळ्यांदेखत वरिष्ठाला टोकायचं नसतं, हे पहिल्याच वर्षी शिकवलं जातं. आणि साहेब अगदीच हवेत बोलत नव्हते. कलम २०६ मध्ये, वेग, धोकादायक चालवणं, दारू अशा ठराविक गुन्ह्यांत लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवायचं असं लिहिलेलंच आहे. पण ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कार्ड होतं. मोबाइल हे लायसन्स नाही. लायसन्स परिवहन खात्याच्या सारथी या ऑनलाइन नोंदीत असतं, फोन फक्त त्या नोंदीकडे उघडणारी खिडकी.

नेमकी हीच अडचण ओळखून केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ बदलला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून तो असं सांगतो की कागदपत्रांचा तपशील अधिकाऱ्याने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पडताळला आणि तो बरोबर निघाला, तर मूळ कागद मागायचा नाही. जप्ती लागणारा गुन्हा असला तरी नाही. जप्तीची नोंद ई-चलन मशीनमधून करायची, ती सारथीत दिसते. फोन घेणं, अडकवून ठेवणं यातलं काहीच त्यात नाही.

मी थोडं बाजूला घेऊन म्हटलं, "साहेब, जप्ती मशीनमध्येच टाकते. फोन राहू द्या त्याच्याकडे, नाहीतर त्यातलं काही हरवलं म्हणेल." साहेबांना पटेल असं कारण मी शोधलं, खरं कारण नव्हे. याची मला अजून लाज वाटते. पण फोन परत मिळाला.

आता पडताळणी. लोकांना वाटतं डिजिलॉकर म्हणजे एकच गोष्ट, पण त्यात दोन कप्पे आहेत आणि सगळा फरक तिथेच आहे. Issued मधलं कागदपत्र थेट परिवहन खात्याच्या नोंदीतून आलेलं असतं. ते मूळ कागदाच्या बरोबरीचं, हे २०१७ पासून नियमात आहे. Drive मध्ये माणसाने स्वतः टाकलेला फोटो असतो. तो फोटो गॅलरीतल्या फोटोएवढाच किमतीचा. दोन्हीचं चित्र सारखंच दिसतं, म्हणून मी नेहमी म्हणते, "ॲप बंद करून पुन्हा उघडा, माझ्यासमोर." स्क्रीनशॉटवाला इथेच अडकतो.

साहेबांचा संशय उगाच नव्हता, हे सांगायला हवं. दोन महिन्यांपूर्वी एका मोटारसायकलवाल्याने असाच स्क्रीनशॉट दाखवला होता. चित्रात लायसन्स चालू, मशीनमध्ये निलंबित. तेव्हापासून साहेबांना मोबाइलवरचं काहीही दिसलं की राग येतो.

पिकअपवाल्याचं लायसन्स Issued मध्येच होतं. नंबर आणि जन्मतारीख मशीनमध्ये टाकली, नाव जुळलं, वाहनाचा वर्गही बरोबर. १८४ चं चलन केलं, जप्तीची नोंद केली.

मग आरसी. गाडी त्याच्या मेहुण्याची. मेहुण्याने आपल्या डिजिलॉकरमधून काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेली आरसी त्याच्याकडे होती. हे रोजचं आहे. आरसी मालकाच्या खात्यात, मालकाचं नाव जुळवून येते, आणि गाडी चालवतो दुसराच. अशा पाठवलेल्या चित्राला मूळ कागदाचा दर्जा नाही. साहेब म्हणाले, "झालं ना? आरसी नाही. तेही टाक."

मी मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला. मालकाचं नाव, चेसिस नंबर, विमा, फिटनेस, सगळं समोर आलं आणि मुदतीत होतं. मग मला एकदम जाणवलं की नियमातला 'पडताळलं' हा शब्द चालकाच्या फोनला लावलेलाच नाही. तो माझ्यासाठी आहे. व्हॉट्सॲपवरचं चित्र मी मान्य करायचं नाही, पण गाडीची नोंद माझ्या हातातल्या मशीनमध्ये बरोबर निघाली तर कागद कशासाठी मागायचा?

एक शंका होती. नंबर प्लेट बदलून दुसऱ्या गाडीची लावलेली असली तर मशीन त्या दुसऱ्या गाडीची नोंद दाखवणार, आणि ती स्वच्छच निघणार. म्हणून चेसिस नंबर पाहायचं ठरवलं. पिकअपच्या पुढच्या चाकाजवळ फ्रेमवर तो ठोकलेला होता. गुडघे टेकले, चिखल पुसला, टॉर्च तिरका धरला. सरळ प्रकाशात ठोकलेले आकडे सपाट दिसतात, तिरक्या प्रकाशात उठून येतात. शेवटचे पाच आकडे मशीनशी ताडले. जुळले. साडी असती तर कठीण झालं असतं, असं होमगार्ड म्हणाला. मी वर्दीतच होते, तरीही त्याला सुचलं.

आरसीचं चलन केलं नाही. साहेबांनी तोंड फिरवलं. "उद्या वर विचारलं तर उत्तर तू द्यायचंस."

मला हेच खटकत राहिलंय. पडताळणीला माझी चार मिनिटं गेली. रांगेत सहा गाड्या होत्या. एवढा वेळ मी एरवी देते का? त्या आठवड्यात किती जणांना 'आरसी नाही' म्हणून मी चलन केलं, मशीनमध्ये नंबर न टाकता? रेंज नसली तर आम्ही सरळ कार्डच मागतो, आणि ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे तो दोषी ठरतो. खरं तर रेंज नाही ही अडचण आमची. त्याच नियमात सोबत नसलेली कागदपत्रं पंधरा दिवसांत दाखवायची सोयही आहे. ती मुदत नाक्यावर कोणी कोणाला सांगितलेली मी पाहिलेली नाही. मीही सांगितलेली नाही.

निघताना चालक म्हणाला, "मॅडम, पुढे अजून एक नाका आहे. तिथेही फोन घेतला तर?"

मी चलनाच्या पावतीमागे लिहून दिलं: नियम १३९, १ ऑक्टोबर २०२०, लायसन्स व आरसी मशीनवर पडताळली, जप्तीची नोंद केली आहे. खाली माझा बक्कल नंबर. त्याने पावती घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली आणि टोमॅटो घेऊन गेला.