दोन पायऱ्या खालची जागा

जुलैचा दुसरा आठवडा आमच्या खात्यात फोनवर गप्पा मारायचा नसतो. जून तिमाही संपलेली असते. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीला तिमाहीचे निकाल बाजाराला कळवायला 45 दिवस मिळतात आणि त्यातले पहिले कितीतरी दिवस उपकंपन्यांचे आकडे गोळा करण्यातच जातात. मी लोअर परळला एका उत्पादन कंपनीत फायनान्स सांभाळते. समूहातल्या सात कंपन्यांचे हिशेब एकत्र करून ते आधी सीएफओंपुढे आणि मग ऑडिटरांपुढे ठेवणं हे माझं काम. टीम 18 जणांची. कार्डावर मात्र पद आहे ‘मॅनेजर, फायनान्स’. आमच्याकडे पदं हात राखून देण्याची जुनी रीत आहे, मॅनेजरच्या वर थेट सीएफओच.

त्या दिवशी दुपारी एका रिक्रूटरचा फोन आला. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये त्यांची प्लेसमेंट कन्सल्टन्सी. आवाजावरून पंचविशीचा मुलगा असावा. सुरुवात हिंदीत झाली, मी ‘हं, बोला’ म्हटल्यावर तो सुटकेचा श्वास टाकल्यासारखा मराठीत आला.

“मॅडम, तुमचा प्रोफाइल नोकरी साइटवर दिसला. अंधेरीत एका डिस्ट्रिब्यूशन कंपनीत असिस्टंट मॅनेजर, अकाउंट्सची ओपनिंग आहे. अनुभव पाच ते आठ वर्षं. बजेट सोळा लाखांपर्यंत. तुम्ही इंटरेस्टेड आहात का?”

मला सोळा वर्षं झाली या कामात. ऐकून लागलं, हे खरं आहे. पण मी लगेच काही बोलले नाही, कारण नुसत्या पदावरून मुंबईत काहीच कळत नाही. बँकांमध्ये व्हाइस प्रेसिडेंट म्हणवणाऱ्याच्या हाताखाली एकही माणूस नसतो असं सर्रास दिसतं, आणि कारखानदारी कंपनीतला साधा मॅनेजर अख्ख्या प्लांटचा पैसा बघत असतो. त्या मुलाने माझ्या नावापुढे ‘मॅनेजर’ वाचलं, सर्चमध्ये ‘इंड एएस’ आणि ‘एसएपी’ हे शब्द जुळले, आणि त्याला वाटलं एका पायरीचाच फरक आहे. त्याच्या जागेवरून बघितलं तर त्यात अपमान कुठेच नव्हता.

म्हणून मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. हे पद कोणाला रिपोर्ट करतं, हाताखाली किती माणसं आणि किती कंपन्यांची पुस्तकं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्याकडे क्लायंटने पाठवलेला जेडी, म्हणजे कामाचा तपशील, होता, तो त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला.

वाचल्यावर शंका उरली नाही. 7 तारखेच्या आत टीडीएस भरणं, 20 तारखेला जीएसटीआर-3बी, वेंडरांची खाती जुळवणं, एका कंपनीचं महिनाअखेर क्लोजिंग. रिपोर्टिंग अकाउंट्स मॅनेजरला आणि तो मॅनेजर फायनान्स हेडला. हाताखाली दोन एक्झिक्युटिव्ह. चांगलं, नेटकं काम आहे, मी स्वतः काही वर्षं तेच केलं आहे. पण माझ्या आजच्या कामापासून ते पुरत्या दोन पायऱ्या खाली होतं.

आता नकार कसा द्यायचा? आमच्या ओळखीतले बहुतेक जण अशा वेळी उत्तरच देत नाहीत. लिंक्डइनवरही तसंच. तिथे अनोळखी माणसाला पाठवायच्या संदेशाची, इनमेलची, क्रेडिट्स रिक्रूटरला मोजून मिळतात आणि 90 दिवसांत उत्तर आलं, अगदी ‘नको’ असं आलं, तरी ते क्रेडिट त्याला परत मिळतं. गप्प राहिलं की ते बुडतं. म्हणजे सभ्यपणाने म्हणून धरलेलं मौन समोरच्याला नकारापेक्षा महाग पडतं.

दुसरी सवय म्हणजे ‘मी ओव्हरक्वालिफाइड आहे’ किंवा ‘हे माझ्या लेव्हलचं नाही’ असं लिहिणं. हे खरं असतं, पण ते स्वतःबद्दलचं मत आहे. समोरच्याला त्यातून तुमची लेव्हल काय ते कळत नाही, तुमचा सूर तेवढा कळतो. आणि ज्या जागेला तुम्ही खाली म्हणता, ती कोणासाठी तरी बढती असते. तिसरी पळवाट पगाराची. ‘सोळात जमणार नाही’ म्हटलं की रिक्रूटरला वाटतं प्रश्न फक्त आकड्याचा आहे, आणि तो आकडा वाढवून परत येतो.

मी हे लिहिलं:

“नमस्कार. जेडी पाठवल्याबद्दल आभार, पूर्ण वाचला. ही जागा एका कंपनीचं क्लोजिंग आणि जीएसटी-टीडीएस प्रत्यक्ष हाताळणाऱ्या व्यक्तीची आहे. माझं सध्याचं काम समूहातल्या सात कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांचं आहे, टीम 18 जणांची, रिपोर्टिंग थेट सीएफओंना. त्यामुळे या जागेसाठी माझं नाव कृपया पुढे पाठवू नका. मुंबईत फायनान्स कंट्रोलर किंवा समूह-हिशेबांच्या प्रमुखाची जागा आली तर जरूर कळवा. माझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा आहे.”

यात दोन कामं शेजारी शेजारी ठेवली आहेत. मोठं कुठलं, लहान कुठलं हे वाचणारा स्वतः ठरवतो. आणि ‘नाव पुढे पाठवू नका’ हे वाक्य मी मुद्दाम स्पष्ट घातलं. ‘सध्या विचार नाही’ एवढंच लिहिलं की काही कन्सल्टन्सी सीव्ही तरीही पाठवून देतात, संख्या दिसावी म्हणून. मग त्या कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमचं नाव असिस्टंट मॅनेजरच्या यादीत नोंदलं जातं. शिवाय बऱ्याच कंपन्यांत जी एजन्सी आधी सीव्ही देते, तिचा त्या उमेदवारावर काही महिने हक्क धरतात. उद्या त्याच कंपनीत हेडची जागा निघाली आणि दुसऱ्या एजन्सीने तुमचं नाव दिलं, तर आधीच्या नोंदीवरून वाद होतो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. खालच्या पायरीची प्रत्येक जागा नाकारण्यासारखीच असते असं मला वाटत नाही. कोणी मोठ्या खंडानंतर परत येत असेल, क्षेत्र बदलत असेल किंवा घराजवळचं काम हवं असेल, तर दोन पायऱ्या खाली उतरणं शहाणपणाचं ठरू शकतं. माझ्या बाबतीत त्यातलं काहीच नव्हतं, म्हणून मला निर्णयाला वेळ लागला नाही.

संध्याकाळी त्याचा परत फोन.

“मॅडम, क्लायंटशी बोललो. ते म्हणतात डेसिग्नेशन अ‍ॅडजस्ट करू, डेप्युटी मॅनेजर देऊ. बजेट पण वीसपर्यंत ताणता येईल.”

पहिला नकार सोपा असतो. हा दुसरा अवघड, कारण समोरच्याने आपल्यासाठी धावपळ केलेली असते. मी आधी त्याचे आभार मानले आणि विचारलं, “पद बदललं तर कामही बदलेल का? दुसऱ्या कंपन्यांचे हिशेब, ऑडिट कमिटीपुढे जाणं, यातलं काही येईल?”

“नाही मॅडम, काम तेच.”

“मग तुम्हीच बघा. काम तेच असेल तर मी दोन महिन्यांतच दुसरीकडे जाईन. तुमच्या करारात रिप्लेसमेंटची अट असेल ना?”

“आहे. नव्वद दिवस.”

या धंद्याचं गणित इथे उपयोगी पडतं. अशा बहुतेक कन्सल्टन्सींना उमेदवार रुजू झाला तरच पैसे मिळतात. वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा बाजारात रुळलेला दर. सोळा लाखांच्या जागेला सुमारे 1 लाख 33 हजार. आणि माणूस ठरलेल्या मुदतीत सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. तेव्हा जो टिकणार नाही त्याला बसवणं हे त्याच्याही तोट्याचं. मी हे त्याला समजावून सांगितलं नाही, त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “पटलं मॅडम. तुमच्या ओळखीत कोणी आहे का मग?”

होती. आमच्याकडे पूर्वी काम केलेली एक मुलगी, आता भिवंडीला एका गोदाम कंपनीची पुस्तकं एकटी बघते. सात वर्षांचा अनुभव, जीएसटीत हात पक्का. पण तिचा नंबर मी दिला नाही. तिच्या सध्याच्या ऑफिसात ऐन कामात अनोळखी फोन वाजला आणि साहेबांनी ऐकलं, तर अडचण तिची होणार. “तिला विचारून उद्या कळवते,” म्हटलं. आणि बजेटचा आकडा तिला सांगू का, तेही त्याला विचारून घेतलं. माझ्या सध्याच्या टीममधलं कोणी मी सुचवलं नाही. ते माझ्या कंपनीशी धरून झालं नसतं.

रात्री तिला फोन केला. ती कल्याणला राहते, म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी. “ताई, लोकलची गर्दी झेलीन, पण महिनाअखेर माझ्या नावावर असेल ना?” तिने पहिलं हेच विचारलं. मी जेडी वाचून दाखवला. दोन एक्झिक्युटिव्ह हाताखाली म्हटल्यावर तिचा आवाजच बदलला. तिच्यासाठी ही एक पूर्ण पायरी वर होती. दुपारी मी ‘हे माझ्या लेव्हलचं नाही’ असं लिहून पाठवलं असतं, तर तीच जागा तिच्यापुढे कोणत्या तोंडाने ठेवली असती?

दुसऱ्या दिवशी तिचा नंबर आणि तिला सोयीची वेळ कळवली, सकाळी साडेआठच्या आत. फोन ठेवण्याआधी मी त्या मुलाला आणखी एक विचारलं, तुमच्या सिस्टिममध्ये माझ्या नावापुढे काय नोंद केलीत?

त्याने मोकळेपणाने वाचून दाखवलं, “सीनियर, नॉट इंटरेस्टेड.”

ही नोंद तशीच राहिली असती, तर पुढच्या वेळी कंट्रोलरची जागा शोधणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याने माझं नाव बघून सोडून दिलं असतं. मी म्हटलं, “इंटरेस्ट नाही तो या एका जागेपुरता. तेवढं बदलाल का?” त्याने बदललं आणि परत वाचलं: कंट्रोलर स्तर, समूह-हिशेब, थेट सीएफओ रिपोर्टिंग, मुंबई, नोटीस 90 दिवस, योग्य जागेसाठी फोन करावा.