एआयनं दिलेला रोहित हातावर उतरवताना

“ताई, चित्र तर एआयनं तयार करून दिलंय. मग स्टेन्सिलला एवढा वेळ कशाला? सरळ प्रिंट मारून हातावर लावता येत नाही का?”

टॅटूसाठी चित्र घेऊन येणारे मला हे नेहमी विचारतात. स्टेन्सिल म्हणजे कातडीवर रेघांचा छाप उमटवणारा कागद, आणि तो सरळ प्रिंटमधून करता नाही येत, कारण त्या चित्रात रेघच नसते. रंग असतो, सावली असते, एका छटेतून दुसऱ्या छटेत विरघळत जाणारा उजेड असतो. टॅटू करणाऱ्याला मात्र सुई धरून एका रेघेवरून चालायचं असतं. ती रेघ कुठून निघते, कुठे थांबते, कोणाच्या मागे जाते, हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं. ठाण्यातल्या टॅटू स्टुडिओंसाठी मी हेच काम करते, म्हणून एका ताज्या कामावरूनच सांगते.

ऐरोलीच्या एका मुलाला कोपर ते मनगट या भागावर रोहित हवा होता, म्हणजे फ्लेमिंगो. जैवविविधता केंद्रातून बोटीनं खाडीत जाऊन त्यानं ते थवे पाहिले होते. घरी येऊन एआयकडून चित्र करून घेतलं: एक पाय दुमडून उभा असलेला पक्षी, मागे खारफुटी, मावळतीचा उजेड, पाण्यात प्रतिबिंब. चित्र देखणं होतं. त्यानं एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये ‘आउटलाइन’चं बटण दाबून त्याची काळी-पांढरी प्रतही काढून आणली होती.

त्या प्रतीत काय झालं होतं ते नीट बघण्यासारखं आहे. असली अ‍ॅप्स उजेड-अंधाराचा बदल शोधतात. जिथे छटा अचानक बदलते तिथे ती रेघ मारतात. पायासारखी बारीक काळपट गोष्ट असली की तिला दोन कडा असतात, म्हणून एकाच्या जागी दोन समांतर रेघा येतात. आता सुई कुठल्या रेघेवरून न्यायची? दोन्ही गोंदल्या तर पायाची नळी होते. याउलट पक्ष्याच्या पोटाचा गुलाबी रंग पाण्याच्या गुलाबी रंगात हळूच मिसळला होता, तिथे छटेचा बदलच नाही, म्हणून तिथे रेघ गायब. पोट उघडंच राहिलं. आणि मावळतीच्या ढगांत जिथे जिथे छटा बदलली तिथे नकाशावरच्या बेटांसारखे वेडेवाकडे गोल उमटले. नको तिथे रेघांचा गुंता आणि हवी तिथे काहीच नाही, हे त्या पद्धतीतच आहे. अशाच दुसऱ्या अ‍ॅपचं बटण दाबलं तरी थोड्याफार फरकानं हेच होतं.

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये Trace Bitmap खाली सेंटरलाइनचा पर्याय आहे, तो दुहेरी कडांऐवजी रेघेच्या मधोमध एकच रेघ काढतो. मूळ चित्र शाईनं काढल्यासारखं स्वच्छ असेल तर तो खरंच उपयोगी पडतो. रंगीत, धूसर चित्रावर मात्र त्यालाही मधोमध म्हणजे कुठे ते कळत नाही. म्हणून मी चित्र खालच्या लेयरवर ठेवते, त्याची ओपॅसिटी २०-२५ टक्क्यांवर आणते आणि वरच्या लेयरवर हातानं रेघा काढते.

पण पहिली रेघ काढायच्या आधी मी चित्र तपासते, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एआयचं चित्र लांबून पटतं आणि जवळून फसवतं. या पक्ष्याचा दुमडलेला पाय माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वाकला होता. रोहितच्या पायाच्या मधोमध जो सांधा दिसतो तो गुडघा नसतो, घोटा असतो. त्याचं टोक मागे, शेपटीच्या बाजूला येतं. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. चोचही बगळ्यासारखी सरळ आली होती, जेव्हा की रोहितची चोच मधोमध खाली मोडल्यासारखी वाकलेली असते. डोकं उलटं करून पाणी गाळून खातो तो, त्यासाठीच ती तशी आहे. रंगीत चित्रात हे चालून जातं, कारण नजर गुलाबी रंगावर खिळते. नुसती आउटलाइन उरली की चोच आणि पाय यांच्याशिवाय पक्ष्याची दुसरी ओळखच उरत नाही. सरळ चोचीचा रोहित म्हणजे कुठलातरी करकोचा, आणि तो जन्मभर हातावर राहणार.

मागच्या खारफुटीची मुळंसुद्धा मी बदलली, त्या मुलाला विचारून. एआयनं कमानीसारखी वाकलेली, जमिनीत उतरणारी मुळं दिली होती. ती कांदळ या जातीच्या खारफुटीची. ठाणे खाडीत मुख्यतः तिवर ही जात आहे आणि तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी सरळ वर येतात. सरळ मुळं खाडीची तर होतीच, शिवाय स्टेन्सिललाही सोयीची. कमानी एकमेकींत गुंततात, पक्ष्याच्या पायांत मिसळतात. त्या चित्रात तर एक कमान पायाला अशी चिकटली होती की पक्षी तीन पायांचा वाटत होता.

पुढची पायरी म्हणजे पुढे काय आणि मागे काय ते ठरवणं. जिथे दोन गोष्टी एकमेकींवर येतात तिथे पुढच्या गोष्टीची रेघ अखंड जायला हवी आणि मागची रेघ तिला टेकून थांबायला हवी. एआयच्या चित्रात मानेची कड सरळ पंखात शिरून पिसाची कड झाली होती. रंगात ते खपतं, कारण तिथे धूसर सावली आहे. रेघेत काढलं की मान पंखातून उगवलेली दिसते. मी मान पुढे घेतली, तिची रेघ छातीपर्यंत न तोडता नेली आणि पंखाची वरची कड तिच्यापाशी थांबवली. असे जोड सगळीकडे एकेक करून बघते. रेघ सुटलेली असेल तर ती मुद्दाम सोडलेली असावी. दिसली नाही म्हणून राहिलेली नको.

मग गाळणी. चित्रात पंखावर शेकडो पिसं होती. कातडीत शाई कागदासारखी राहत नाही, वर्षं जातात तशी रेघ थोडी पसरते. आज दोन रेघांत केसाएवढी फट ठेवली तर काही वर्षांनी तिथे एक जाड डाग दिसतो. म्हणून या आकाराच्या कामात मी समांतर रेघांमध्ये निदान दीड ते दोन मिलिमीटर जागा सोडते, आणि डोळा, चोचीचं टोक अशा ठिकाणी तपशील आणखी कमी ठेवते. पंखाची पिसं तीन थरांत बसवली आणि प्रत्येक थरात मोजकीच काढली. मुळांचं रानही विरळ केलं. कमी केलंय की नाही हे स्क्रीनवर झूम करून कळत नाही. प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून हातभर लांबून बघितलं की लगेच कळतं. जिथे डोळे बारीक करून बघावं लागतं तिथली रेघ जाते.

आकाराचं गणितही तेव्हाच पक्कं करावं लागतं. एआयचं चित्र अनेकदा १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं असतं. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरले तर, ते जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर भरतं. इथे पक्षी १६ सेंटिमीटर उंच हवा होता, म्हणजे त्या बाजूला सुमारे १८९० पिक्सेल. चित्र ताणून मोठं केलं तर कडा फुटतात, म्हणून कॅनव्हास आधीच खऱ्या मापाचा घ्यायचा, चित्र त्यात ताणून बसवायचं आणि रेघा नव्यानं काढायच्या. खालचं चित्र फुटलं तरी बिघडत नाही, ते शेवटी पुसूनच टाकायचं असतं.

हात सपाट नसतो ही गोष्ट मात्र स्क्रीनवर विसरायला होते. मनगटाकडे तो निमुळता असतो, आणि तळवा वर-खाली फिरवला की मनगटाजवळची कातडी कोपराजवळच्यापेक्षा जास्त पिळली जाते. रोहितचा लांब सरळ पाय नेमका तिथे येणार होता. तळवा वर करून स्टेन्सिल लावलं असतं तर हात सैल सोडल्यावर पाय मळसूत्रासारखा फिरला असता. म्हणून मी त्या मुलाला उभं करून, हात सहज खाली सोडायला लावून, हाताभोवती कागद गुंडाळून माप घेतलं आणि पाय हाताच्या मधल्या आसावर ठेवला. स्टेन्सिलच्या कडेला बाहेरून छोटे काप दिले की कागद निमुळत्या भागावर सुरकुती न पडता बसतो.

छापताना करड्या रंगाचा एकही कण नको. स्टेन्सिल छापणाऱ्या थर्मल मशीनला काळं कळतं, करडं अर्धवट कळतं आणि रेघ तुटक उमटते. छाया कुठून सुरू होते ते दाखवायचं असेल तर फिकी रेघ न काढता ठिपक्यांची काळी रेघ काढावी. आर्टिस्टला त्यातून समजतं की इथे रेघ गोंदायची नाही, छाया इथून भरायची. कोपऱ्यात मी ५ सेंटिमीटरची एक पट्टी काढून ठेवते. छापल्यावर ती फूटपट्टीनं मोजायची. पाच भरली नाही तर प्रिंटरनं ‘फिट टु पेज’ करून चित्र आक्रसलंय हे समजायचं.

उलट-सुलट बाजूवरून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जांभळ्या कार्बनच्या कागदावर हातानं ट्रेस केलं तर कार्बन कागदाच्या मागे लागतो, तीच बाजू कातडीला टेकते आणि चित्र सुलटं येतं. स्टेन्सिलची शाई भरलेल्या इंकजेटवर छापलं तर छापलेली बाजू कातडीला लागते, म्हणून चित्र आधी आरशासारखं उलटवावं लागतं. रोहित उलटला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण सोबत आईचं नाव असेल तर?

भिंतीवरच्या चित्राचं विचारणारेही असतात, नवी मुंबईत भिंतीभिंतीवर रोहित रंगवलेत म्हणून. तिथे कापून स्टेन्सिल करायचं असेल तर वेगळी अडचण येते. डोळ्यासारखा मधला तुकडा कापला की गळून पडतो, म्हणून त्याला बाहेरच्या भागाशी जोडणाऱ्या पट्ट्या ठेवाव्या लागतात. रेघ मात्र आधी अशीच काढावी लागते.

आर्टिस्टच्या हातात मी दोन कागद देते. एकावर नुसत्या रेघा, तोच स्टेन्सिलला जातो. दुसऱ्यावर त्याच रेघा आणि पेन्सिलीनं सूचना: बाहेरची कड ७ किंवा ९ सुयांच्या लायनरनं, पिसं ३ सुयांच्या, उड्डाणपिसं पूर्ण काळी, चोच जवळजवळ काळी कारण हा ‘लहान रोहित’ या जातीचा पक्षी आहे. सुई कुठली हे शेवटी तोच ठरवतो, कातडी बघून. एआयचं मूळ चित्रही सोबत जोडते, रंगासाठी. आणि तुम्ही मला पाठवणार असाल तर तेच मूळ चित्र पाठवा, अ‍ॅपनं काढलेली आउटलाइन नको. सोबत हात सैल सोडलेला फोटो आणि शिंप्याच्या टेपनं घेतलेली दोन मापं: मनगटाचा घेर आणि कोपराखालचा घेर.