पहिली फ्री सर्व्हिस आणि १,४६० रुपयांचं एस्टिमेट

आज काउंटरवर एक काका नव्या ११० सीसी स्कूटरचं जॉब कार्ड घेऊन आले. "फ्री सर्व्हिस ना? मग हे कसले पैसे?"

फ्री असते ती फक्त मजुरी, म्हणून लेबरपुढे शून्य होतं. इंजिन ऑइल ४२० आणि कन्झ्युमेबल्स, म्हणजे ग्रीस, क्लीनर वगैरे, ४०. हे द्यावेच लागतात. नव्या इंजिनचे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो, त्यामुळे पहिलं ऑइल काळं दिसो न दिसो, बदलायचंच. बाटलीवरची एमआरपी जीएसटी धरूनच असते. बिलात तिच्यावर पुन्हा कर लावला असेल तर तिथेच विचारा.

उरलेले हजार रुपये 'रेकमेंडेड'चे. इंजिन डीकार्बन ३५०, टेफ्लॉन कोटिंग ६५०. जेमतेम ७०० किलोमीटर चाललेल्या इंजिनात काढण्याइतका कार्बन साचलेलाच नसतो. टेफ्लॉन रंगाच्या चकाकीपुरतं. हौस असेल तर करा. दोन्ही नाकारल्याने वॉरंटी जात नाही. पहिली सर्व्हिस ठरलेल्या मुदतीत किंवा किलोमीटरमध्ये न केल्यास मात्र क्लेम अडू शकतो.

काकांनी दोन्ही ओळींवर काट मारून घेतली, एस्टिमेट ४६० वर आलं, मग सही केली. क्रम हाच ठेवा. सही झाल्यावर ते काम तुमच्या संमतीचं धरलं जातं. आणि बदललेला पार्ट, उद्या ब्रेक शू असो की एअर फिल्टर, परत मागून बघा. नवा पार्ट लावल्याचा पुरावा तोच.