सतरा ड्राफ्ट आणि माझा एक सल्ला

गौरी-गणपती आठ दिवसांवर आले होते. आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर एक ताई आल्या. त्या गौरींच्या शिवलेल्या साड्या विकतात. रील टाकायचं ॲप उघडलं की लगेच बंद पडत होतं. गर्दी होती, मी फोनकडे नीट न बघताच म्हटलं, "ॲप काढून परत टाका. पासवर्ड आठवतोय ना? मग काही जात नाही."

अर्ध्या तासात त्या परत. "दादा, सतरा रील करून ठेवल्या होत्या. एकही दिसत नाही."

लॉगिन बरोबर होतं. जुन्या पोस्ट, फॉलोअर्स, मेसेज सगळं जागेवर. फक्त ड्राफ्टचा कप्पा रिकामा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पोस्ट केलेलं कंपनीच्या सर्व्हरवर जातं, म्हणून लॉगिन केलं की परत दिसतं. या ॲपचे ड्राफ्ट मात्र फोनमध्येच, ॲपच्या खाजगी फोल्डरमध्ये राहतात, आणि ॲप काढलं की अँड्रॉइड ते फोल्डरच पुसून टाकतं. जीमेलचा ड्राफ्ट कुठल्याही फोनवर सापडतो, त्यामुळे सगळीकडे तसंच असेल असं आपण धरून चालतो. गूगलचा बॅकअप बघितला, पण तिथे एका ॲपला २५ एमबीच जागा मिळते, तीही ॲपने परवानगी दिली तर. सतरा व्हिडिओ त्यात कुठून मावणार?

मग गॅलरी चाळली. कॅमेऱ्याने काढलेल्या बारा रीलच्या क्लिप मिळाल्या. उरलेल्या पाच त्यांनी ॲपच्याच कॅमेऱ्यातून घेतल्या होत्या, त्या गेल्या. सगळ्या रीलवरचा मजकूर आणि आवाजही गेला. ताईंनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

खरं तर सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन Clear cache एवढंच आधी करून बघायला हवं होतं. त्याने सहसा ड्राफ्टला धक्का लागत नाही. त्याच्याच शेजारचं Clear data दाबलं तर मात्र ॲप काढल्यासारखंच. आयफोनवर Offload App केलं तर डेटा राहतो, Delete App केलं तर जातो.

दिवाळीनंतर ताई नवीन फोन घेऊन आल्या. एका फोनवरून दुसऱ्यावर सगळं कॉपी करता येतं, पण ॲप देईल तेवढंच येतं, ड्राफ्टचा भरवसा नाही. म्हणून जुन्या फोनवर एकेक ड्राफ्ट उघडून व्हिडिओ गॅलरीत सेव्ह केला. दोन रीलवर ॲपमधलं गाणं होतं, त्या आवाजाशिवाय उतरल्या. कॅप्शन नोट्समध्ये चिकटवलं. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणार होत्या, मी म्हटलं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर जरीचं काम धूसर दिसेल.

जुना फोन एक्स्चेंजला द्यायचा होता. मी रीसेटला हात घालताच त्यांनी फोन ओढून घेतला. "थांबा दादा, आधी नवीन फोनवर एकेक लावून बघू दे."