हिमबिबट्याची पायरी

"हिमबिबट्या 'संकटग्रस्त' वर्गातून बाहेर आला, म्हणजे त्याची संख्या वाढली ना?"

नाही. आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी ठेवते. २०१७ साली त्या यादीत त्याचा वर्ग एक पायरी खाली येऊन 'असुरक्षित' झाला, पण तो बिबटे वाढले म्हणून नाही. बदललं ते आपलं मोजमाप.

मुळात इथे नुसत्या संख्येवर वर्ग ठरत नाही. हिमबिबट्याला जी कसोटी लावली, तिच्या दोन अटी एकदमच पुऱ्या व्हाव्या लागतात: पिल्लं देण्याच्या वयाचे प्राणी किती आणि ते किती वेगाने घटताहेत. 'संकटग्रस्त' ठरायला असे प्रौढ २,५०० पेक्षा कमी हवेत आणि दोन पिढ्यांत किमान २० टक्के घट हवी. 'असुरक्षित'साठी १०,००० पेक्षा कमी प्रौढ आणि तीन पिढ्यांत किमान १० टक्के घट पुरते. पिल्लं या मोजणीत धरत नाहीत.

२००८च्या मूल्यमापनात चूक झाली ती इथेच. तेव्हा एकूण हिमबिबट्यांचा अंदाज ४,०८० ते ६,५९० असा होता. त्याच्या निम्मी 'परिणामी संख्या' धरली आणि तीच प्रौढांच्या जागी लावली. पण परिणामी संख्या हा आनुवंशिकतेचा हिशेब आहे. पुढच्या पिढीत जनुकं किती जणांकडून पोचतात हे तो सांगतो आणि प्रत्यक्ष प्रौढांपेक्षा तो बहुधा लहानच येतो. २०१७ मध्ये प्रौढांचाच अंदाज काढला, तो २,७१० ते ३,३८६ आला. पहिली अट तुटली, म्हणून वर्ग बदलला. घट मात्र थांबलेली नाही. तीन पिढ्यांत, म्हणजे सुमारे बावीस वर्षांत, किमान १० टक्के घट त्या मूल्यमापनातही धरलेली आहे.

या निर्णयावर काही अभ्यासकांनी उघड आक्षेप घेतला आणि मला तो रास्त वाटतो. हिमबिबट्याच्या प्रदेशाच्या अगदी थोड्या भागात कॅमेरे लावून नीट गणना झाली आहे. कॅमेरे लावतात तेही जिथे बिबट्या सापडण्याची शक्यता जास्त अशा खोऱ्यांत. तिथली घनता सगळ्या डोंगररांगांना लावली की आकडा फुगतो आणि २,५०० ची रेघ तर अगदी जवळ आहे.

एरवी खाली उतरवण्याचा नियम सावध आहे. परिस्थिती खरोखर सुधारली असेल, तरी वरच्या वर्गाची एकही कसोटी सलग पाच वर्षं लागू होत नाही हे दिसावं लागतं. वर चढवायला मात्र थांबायचं नसतं. जुनं वर्गीकरणच चुकलेलं निघालं, तर पाच वर्षांची अट नसते. हिमबिबट्या त्याच वाटेने खाली आला.

म्हणून कुठल्याही प्रजातीचा वर्ग बदलल्याची बातमी आली की मी आधी बदलाचं कारण शोधते. तो 'खरा बदल' आहे की नवी माहिती, जुनी चूक वगैरे कारणांनी झालेला, हे यादी वेगवेगळं नोंदवते. हिमबिबट्याचा बदल दुसऱ्या प्रकारचा आहे.