‘मोरे’ की ‘भोरे’: घडीखालचं एक अक्षर आणि शंका न घेणारा फॉर्म

हाताने लिहिलेल्या एका जुन्या पानावर साक्षीदाराचं आडनाव ‘मोरे’ आहे की ‘भोरे’, एवढाच प्रश्न होता. वेगवेगळ्या उजेडात फोटो काढले, ते एकमेकांवर जुळवले, सुटण्यासारखं होतं तेवढं सुटलं. पण हे वाचन ज्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये भरायचं होतं, तिथे शंकेला जागाच नव्हती. एक रकाना, एक शब्द. प्रश्नचिन्ह टाकलं की फॉर्म परत यायचा, चौकटी कंस टाकला तरी तेच. त्याचा राग अजून गेलेला नाही. पण तो राग का आला हे कळायला आधी ते अक्षर कुठे अडलं होतं ते पाहावं लागेल.

पानाची आडवी घडी नेमकी त्या ओळीच्या शिरोरेघेवरून गेली होती. ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक काय? ‘म’वर शिरोरेघ सलग जाते. ‘भ’मध्ये ती डाव्या बाजूला तुटते आणि तिथे एक लहानसं वळण असतं. बाकी अंग जवळपास सारखंच. म्हणजे निकाल लागायचा तो अक्षराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, आणि तिथेच कागद मोडलेला, शाई झडलेली, घडीत मळ बसलेला. साध्या उजेडातल्या फोटोत तिथे एक काळपट रेघ सरळ दिसते. पाहणारा पटकन ‘मोरे’ म्हणून मोकळा होतो, कारण हे आडनाव ओळखीचं आहे. ओळखीचं आहे म्हणून ते पानावरही आहे, असं मात्र होत नाही.

ती रेघ शाईची की घडीच्या सावलीची, हे ठरवायला तिरपा उजेड लागतो. कॅमेरा पानाच्या बरोबर वर घट्ट बसवला, फोकस आणि एक्सपोजर हाताने ठरवून कुलूपबंद केले, आणि दिवा पानाच्या पातळीपासून दहा-पंधरा अंशांवर ठेवून चार बाजूंनी एकेक फोटो घेतला. सावली दिव्याबरोबर बाजू बदलते, शाई बदलत नाही. दिवा वरच्या बाजूला असताना घडीची जी कड काळी दिसली, ती दिवा खाली नेल्यावर उजळली आणि समोरची कड काळी झाली. सगळ्यात उपयोगी ठरला तो दिवा डावीकडून, म्हणजे घडीच्या रेषेतच, ठेवून घेतलेला फोटो. उजेड घडीला समांतर पडला की तिची सावली जवळजवळ नाहीशी होते. कुणाला एकच जादा फोटो काढायचा असेल, तर हा काढावा.

आता एकत्र करणं. इथे बरेच जण चारही फोटोंची सरासरी काढतात. ते मला पटत नाही. एकाच फोटोत स्पष्ट दिसलेली बारीक खूण सरासरीत जेमतेम एक-चतुर्थांश उरते, आणि घडीची सावली पुसटशी का होईना, राहतेच. मी ImageJ या चित्रं तपासण्याच्या प्रोग्रॅममध्ये चारही फोटो एका चळतीत घेतले आणि `Image > Stacks > Z Project…` मध्ये `Max Intensity` निवडलं. यात प्रत्येक बिंदूला चार फोटोंपैकी सर्वांत उजळ किंमत मिळते. सावलीतली जागा कुठल्या ना कुठल्या बाजूने उजळलेली असतेच, म्हणून सावली निघून जाते. शाई चारही फोटोंत काळी, म्हणून ती उरते. आधी त्याच दिव्यांखाली कोऱ्या पांढऱ्या कागदाचे फोटो घेऊन पानाच्या फोटोतल्या प्रत्येक बिंदूच्या किमतीला कोऱ्या कागदाच्या त्याच बिंदूच्या किमतीने भागलं होतं. नाहीतर दिव्याजवळची बाजू जिंकते आणि निकाल उजेडाचा लागतो, अक्षराचा नाही. चकाकणाऱ्या शाईला मात्र हा उपाय लावू नये. तिच्यावर एका बाजूने चमक आली की ती रेघच पुसली जाते. तिथे `Median` बरा.

या रीतीचा खरा धोका जुळणीत आहे. बारीक रेघ फोटोत चार-पाच बिंदूंएवढी रुंद असते. दोन फोटो तेवढेच सरकलेले असले, तर एका फोटोतला कोरा कागद दुसऱ्यातल्या रेघेवर येतो आणि `Max` ती खरी रेघ खाऊन टाकतो. उलट `Min` वापरलं तर एकाच्या दोन रेघा होतात आणि नसलेलं वळण तयार होतं. फोटो आपोआप जुळवणारी अवजारं तिरप्या उजेडात फसतात, कारण ती कागदाऐवजी सावल्यांच्या कडा धरतात. म्हणून पानाशेजारी, पानावर नाही, छापील फुल्यांचे चार तुकडे ठेवले आणि जुळणी त्यांच्यावर केली. मग दोन-दोन फोटो आलटून पालटून पडद्यावर आणले. अक्षर जागेवर थरथरलं नाही, तेव्हाच पुढे गेले. पान मधे उचललं असेल तर फुल्या जुळूनही पान जुळत नाही, हे लक्षात ठेवा.

सावली गेल्यावर चित्र बदललं. उजवीकडची शिरोरेघ ठाम होती, आणि डावीकडे घडीत एक तुटक, मळकट पट्टा उरला. तो शाईचा होता का? त्यासाठी अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली फोटो घेतला. (डोळ्यांना चष्मा हवाच, आणि दिवा लागेल तेवढाच वेळ.) कागद फिकट निळसर उजळतो. लोहयुक्त शाई तो उजेड गिळते, म्हणून उघड्या डोळ्यांना फिकी पडलेली रेघही गडद दिसते. पहिल्यांदाच डाव्या कोपऱ्यात एक छोटं वळण दिसलं, घडीपासून जरा खाली, म्हणजे घडीतल्या मळापासून वेगळं. ते ‘भ’च्या बाजूचं होतं. पट्टा मात्र इथेही काळाच राहिला, कारण मळही अतिनील उजेड गिळतो. अवरक्त फोटोने हे सुटलं असतं. लोहयुक्त शाई अवरक्तात फिकी पडत जाते, काजळीचा मळ काळा राहतो. पण साध्या कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी गाळणी बसवलेली असते, आणि ती काढलेला कॅमेरा माझ्याकडे नव्हता.

म्हणजे हाती आलं ते असं: वळण दिसतं, शिरोरेघेचा डावा भाग शाईचा की मळाचा हे ठरत नाही. ‘भोरे’ जास्त संभवनीय, ‘मोरे’ शक्य. माझ्या मते हेच पूर्ण उत्तर आहे. फॉर्मला मात्र एकच शब्द हवा होता. दूरध्वनीवर सांगण्यात आलं, “मॅडम, जे जास्त वाटतं ते लिहा ना.” ते लिहिलं असतं, तर पुढे शोधणाऱ्याला ‘भोरे’ निर्विवाद वाटलं असतं आणि ‘मोरे’ शोधणाऱ्याला हे पान कधी सापडलंच नसतं.

संशयित अक्षराखाली टिंब देण्याची शिलालेखवाल्यांची पद्धत रोमन लिपीत छान चालते, पण देवनागरीत ते टिंब नुक्त्यासारखं दिसतं, म्हणून मी ते टाळते. मजकुराच्या फाइलमध्ये TEI या खूणपद्धतीत दोन्ही वाचनं, प्रत्येकाची खात्री किती ते सांगून, अशी लिहिली:

```
<choice>
  <unclear cert="medium">भो</unclear>
  <unclear cert="low">मो</unclear>
</choice>रे
```

याच्याखाली कोणत्या फोटोत काय दिसलं ते एकेका ओळीत दिलं, आणि आडनाव परिचित असणं हा पुरावा धरलेला नाही, हेही. एकत्र केलेल्या चित्राबरोबर मूळ फोटोही जोडले, कारण एकत्र चित्रात मी काय पुसलं हे तपासणाऱ्याला त्यावरूनच कळेल. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर फॉर्ममध्ये ‘पर्यायी वाचन’ असा दुसरा रकाना आला, आणि ‘मोरे’ तिथे गेलं. शंकेचं कारण लिहायला जागा अजून नाही, ती मागते आहे.